दादाच्या ड्रॉवरमधल्या चार ट्यूब: गजकर्णावर नेमकं काय लावतोय आपण?

सायली_इंदिरानगर

माझा मोठा भाऊ दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेवर देखरेखीचं काम करतो. जूनअखेर त्याला जांघेत गजकर्ण झालं. पावसाळाभर ओल्या पँटीत फिरणं, मग ऑक्टोबर छाटणी झाल्यावर फवारणी, अंगावर तो रेनकोटसारखा सूट आणि आत घामाची नुसती आंघोळ. आता पाच महिने झाले. मांड्यांवरून कंबरपट्ट्याच्या रेषेपर्यंत पसरलंय. दवाखान्यात एकदाही गेलेला नाही. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणतो, लावतो, चार दिवस बरं वाटतं, थांबवलं की आठवड्यात परत येतं, आणि आधीपेक्षा मोठं होऊन येतं.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा त्याच्या ड्रॉवरमध्ये चार ट्यूब सापडल्या. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचले. जे वाचलं ते इथे टाकते:

पहिलीवर क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, ओफ्लॉक्सासिन ०.७५ टक्के, ऑर्निडाझोल २ टक्के, टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड १ टक्का.
दुसरीवर बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट ०.०२५ टक्के, क्लोट्रिमाझोल १ टक्का, निओमायसिन सल्फेट ०.५ टक्के.
तिसरीवर फक्त लुलिकोनाझोल १ टक्का.
चौथीवर फक्त म्युपिरोसिन २ टक्के, ही ऑइंटमेंट आहे, बाकी तीन क्रीम.

दादाच्या मते पहिली "एक नंबर", कारण खाज दुसऱ्या दिवशी बंद. तिसरी "पाण्यासारखी, काही कामाची नाही". मला भलतीच शंका येतेय. यातलं स्टेरॉइड कुठलं, बुरशीचं कुठलं, अँटिबायोटिक कुठलं, हे नावावरून ओळखता येतं का?

अमोल_सातपूर

येतं की, सोपं आहे. मी कंपनीतल्या फर्स्ट एड पेटीचं काम बघतो. शेवट बघायचा. "झोल" आलं की बुरशीचं. "सिन" आलं की अँटिबायोटिक. "सोन" आलं की स्टेरॉइड. या हिशोबाने दुसऱ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, बेक्लोमेथासोन. ती बंद करा. पहिलीत क्लोबेटासॉल आणि ऑर्निडाझोल दोन्ही झोलवाली, वर टर्बिनाफिन, म्हणजे बुरशीवर तिहेरी मारा, आणि ओफ्लॉक्सासिन अँटिबायोटिक. म्हणून तर दादांना तिचा गुण येतो. आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्केच आहे, इतक्याने काय होणार.

वैशाली_नाशिकरोड

मी पण विचारणारच होते. माझ्या गालांवर वांग आहेत, पार्लरवाल्या मैत्रिणीने एक क्रीम सांगितली होती. त्यावर मोमेटासोन लिहिलंय, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन पण. सव्वा वर्ष लावतेय, चेहरा मस्त उजळला होता. आता एक दिवस चुकलं तरी गाल लालबुंद होतात आणि आग होते, ओट्यापाशी उभं राहवत नाही. बुरशीचं मलम लावू का?

रत्नाकर_पंचवटी

सायलीताई, मी फार्मासिस्ट. एकतीस वर्षं काउंटरला उभा होतो, आता दुकान मुलगा बघतो. अमोलरावांचं सूत्र निम्मं बरोबर आहे, पण चुकीचा निम्मा भाग नेमका तुमच्या पहिल्या ट्यूबवर येऊन पडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल. मराठीत बोलताना दोन्ही सारखीच ऐकू येतात. काउंटरवर कितीतरी गिऱ्हाइकं एकाऐवजी दुसरं मागताना मी पाहिलीत. इंग्रजी स्पेलिंग बघा. बुरशीच्या झोलवाल्या औषधांच्या शेवटी ए-झेड-ओ-एल-ई असतं, त्यात झेड आहे. क्लोबेटासॉलच्या शेवटी एस-ओ-एल आहे, झेड नाही. क्लोबेटासॉल हे बुरशीचं औषध नाहीच, ते स्टेरॉइड आहे, आणि साधंसुधं नाही, त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सर्वांत जहाल गटातलं. हॅलोबेटासॉल त्याच गटातलं.

दुसरं, ऑर्निडाझोल. याच्या शेवटी झेड आहे, पण झेडच्या आधी "निडा" आहे. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही जुलाबात, आवेत आणि विशिष्ट जंतूंवर चालणारी मंडळी. गजकर्णाच्या बुरशीला त्यांचा काही उपद्रव नाही. म्हणजे "झोल" वाचलं की आधी "निडा" आहे का ते बघायचं.

तेव्हा पहिल्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध एकच, टर्बिनाफिन. ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल जंतूंवरची, दादांना जंतुसंसर्ग नसेल तर दोन्हींचं काही काम नाही. आणि "एक नंबर" वाटतंय ते क्लोबेटासॉल.

टक्क्यांचं. हा गैरसमज फार पसरलाय. टक्का म्हणजे ट्यूबमध्ये औषध किती, ते औषध किती ताकदीचं हे त्यातून कळत नाही. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य स्टेरॉइड. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के म्हणजे आकड्यात त्याच्या विसाव्या भागाइतकं, आणि तरी ताकदीत त्याच्या कितीतरी पुढे. तिखटाचं उदाहरण देतो: चमचाभर काश्मिरी मिरची आणि चिमूटभर लवंगी मिरची. माप बघून तिखटपणा ठरत नाही. क्लोबेटासॉलच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये. तेही अंगावरच्या इसबासारख्या आजारांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली. जांघेसाठी तर नाहीच.

तुमची दुसरी ट्यूब अमोलरावांनी बरोबर ओळखली: बेक्लोमेथासोन स्टेरॉइड, क्लोट्रिमाझोल बुरशीचं, निओमायसिन अँटिबायोटिक. तिसरी शुद्ध बुरशीची. चौथी शुद्ध अँटिबायोटिक, पिकलेल्या जखमेसाठी, पुळीसाठी. गजकर्णावर तिचा काहीही उपयोग नाही.

अमोल_सातपूर

काका, चूक झाली, मान्य. झेड बघायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग एक प्रश्न. टर्बिनाफिन आहेच ना त्यात? स्टेरॉइडने खाज थांबते, टर्बिनाफिनने बुरशी मरते, दोघं आपापलं काम करतील. मग पसरतं कसं?

रत्नाकर_पंचवटी

रास्त प्रश्न आहे, आणि कंपन्यांचे एमआर हेच सांगून ही ट्यूब विकायचे.

खाज, लाली, सूज हे सगळं बुरशी करत नाही, आपलं शरीर बुरशीशी लढताना करतं. स्टेरॉइड त्या लढाईलाच गप्प करतं. दुसऱ्या दिवशी खाज गेली, लाली गेली, माणूस खूश. बुरशी मात्र तिथेच, आणि आता तिला अडवणारं कोणी नाही. टर्बिनाफिनला बुरशी मारायला आठवडे लागतात. पण खाज गेल्यावर आठवडे लावतंय कोण? दादांनी चार दिवसांत थांबवलं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे स्टेरॉइडचं काम पूर्ण, बुरशीच्या औषधाचं काम सुरूच झालं नाही.

आता मात्रा बघू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. एवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तळवा म्हणजे बोटांसकट पंजा. दादांचं दोन्ही मांड्या आणि कंबर धरून समजा सहा तळवे असेल, तर एका वेळेला दीड ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तरी १५ ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. ताई, त्यांना विचारा एक ट्यूब किती दिवस पुरते.

सायली_इंदिरानगर

आत्ताच फोन केला. म्हणाला, "महिनाभर जाते, मी फक्त कडेला लावतो, लाल दिसतं तिथे."

काका, पहिल्या ट्यूबच्या आतापर्यंत पाच झाल्या म्हणे. आणि वहिनीने एक गोष्ट सांगितली जी दादाने मला सांगितली नव्हती. जांघेत गुलाबी-जांभळट पट्टे आलेत, बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे. त्याला वाटतंय वजन वाढल्यामुळे आले.

डॉ_त्वचा_नाशिक

धागा वाचत होते, आता लिहिते. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पट्ट्यांचं ऐकून राहवलं नाही.

ते वजनाचे नाहीत. जांघ, काख, स्तनाखालची जागा इथे कातडी पातळ असते आणि घडी पडते. घडीत क्रीम झाकल्यासारखं राहतं आणि अनेक पटींनी आत शोषलं जातं. बाळाच्या लंगोटाखाली किंवा डायपरखाली लावलं तर हेच होतं, म्हणून लहान मुलांना अशी ट्यूब कधीच नाही. ताकदीचं स्टेरॉइड तिथे काही आठवडे लागलं की आतले तंतू तुटतात आणि पट्टे उमटतात. रंग काही महिन्यांनी फिका होईल, पट्टे मात्र कायमचे राहतात. माझ्याकडे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं येतात, जिम करणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी, दोन्ही मांड्यांवर हे पट्टे घेऊन. त्यांना हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं.

रत्नाकरजींच्या उत्तरात एक भर. आता गजकर्णाचं रूपच बदललंय. पूर्वी पाहताक्षणी ओळखू यायचं: गोल चकती, कडेला लाल उंचवटा आणि खवले, मधे साफ. स्टेरॉइड लावलेल्या रुग्णात कड पुसट होते, किंवा चकतीच्या आत दुसरी चकती दिसते. कधी ते इसबासारखं दिसतं. मग बघणारा डॉक्टरसुद्धा फसू शकतो आणि आणखी स्टेरॉइड लिहून देतो. शिवाय हल्ली अशी बुरशी बरीच आढळते जिच्यावर टर्बिनाफिन नीट चालत नाही. त्यामुळे "ट्यूबमध्ये टर्बिनाफिन आहेच" यावर विसंबता येत नाही.

दादांचं इतकं पसरल्यावर नुसत्या क्रीमने भागणं कठीण आहे, बहुधा पोटात गोळ्या लागतील. त्या लिव्हरचा इतिहास आणि चालू औषधं विचारून द्याव्या लागतात, म्हणून इथे नाव आणि मात्रा लिहीत नाही. दाखवायला जाण्याआधी शक्य असेल तर काही दिवस कुठलीच क्रीम लावू नका. खवला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो, क्रीम लावलेली असेल तर बुरशी नीट दिसत नाही.

वैशालीताई, तुमचं वेगळं आहे. बुरशीचं मलम लावू नका.

वैशाली_नाशिकरोड

वेगळं म्हणजे? मी तर गजकर्णाला लावत नाही, चेहऱ्याला लावतेय. मोमेटासोन म्हणजे सोन, म्हणजे स्टेरॉइड ना? मग आजपासून बंद करते.

रत्नाकर_पंचवटी

हो, बंदच करायला हवं ताई. स्टेरॉइड ते स्टेरॉइड.

डॉ_त्वचा_नाशिक

इथे मी रत्नाकरजींशी पूर्ण सहमत नाही.

सव्वा वर्ष मोमेटासोन लावलेला चेहरा त्या क्रीमच्या आधारावर उभा असतो. एकदम काढलं की आठवड्याभरात इतकी लाली, सूज आणि आग होते की पेशंट घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतात. एक दिवस चुकल्यावर तुमचे गाल जळतात, ते हेच. कोणाचं एकदम थांबवायचं आणि कोणाला काही दिवस सौम्य स्टेरॉइडवर आणून उतरवायचं, हे चेहरा बघूनच ठरतं, आणि आमच्यातही यावर दोन मतं आहेत. म्हणून स्वतः बंद करू नका आणि स्वतः पुढेही ढकलू नका. या आठवड्यात दाखवा. तोवर उन्हात जाणं टाळा, पार्लरचं फेशियल, ब्लीच सगळं बंद. पापण्यांजवळ लावत असाल तर तिथे मात्र आजच थांबवा. डोळ्याजवळचं स्टेरॉइड डोळ्याचा दाब वाढवू शकतं. त्यात ट्रेटिनॉइनही आहे, तेव्हा गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

रत्नाकर_पंचवटी

डॉक्टर, चेहऱ्याचं तुम्ही बघता, तुमचं मानतो. काउंटरवरून मी एकदम बंद करायला सांगायचो, आणि आठवड्याने तीच ट्यूब घ्यायला परत आलेल्या बायका मी पाहिल्यात. जांघेच्या बाबतीत मात्र माझं मत कायम आहे.

डॉ_त्वचा_नाशिक

जांघेच्या गजकर्णाला थांबवायलाच हवं, त्यात दुमत नाही. दादांना दोन-चार दिवस खाज वाढेल, लाली भडकेल, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर तेही ड्रॉवरकडे वळतील.

गणपतराव_निफाड

आमच्याकडे बागेवर सोळा मजूर आहेत, निम्म्यांना हे आहे. सगळे एकच ट्यूब वापरतात, खोलीतल्या खिळ्यावर टांगलेली. ती ट्यूब दाखवू का? शेपूट इतकं गुंडाळलंय की तारीखच दिसत नाही. तारीख गेलेली असेल म्हणून गुण येत नसेल का?

रत्नाकर_पंचवटी

गणपतराव, गुण न येण्याचं कारण तारीख नसावी, पण प्रश्न कामाचा आहे. ट्यूबच्या दाबलेल्या शेपटावर बॅच आणि मुदत ठोकलेली असते. शेवटून गुंडाळत आणलं की पहिल्यांदा तीच नाहीशी होते. आणि घटकांची ओळ हातातल्या तेलाने, घामाने पुसली जाते. म्हणून खोकं टाकू नका, खोक्यावर हे सगळं मोठ्या अक्षरात असतं. माझ्या दुकानात मी ट्यूब खोक्यात परत घालूनच द्यायचो.

आता ती उलगडा आणि घटक इथे लिहा. डाव्या कडेला वरून खाली लाल उभी रेघ आहे का, तेही बघा.

गणपतराव_निफाड

उलगडली. तारखेला अजून सात महिने आहेत. रेघ आहे, लाल, आणि कोपऱ्यात लाल आरएक्स. घटकांत बेटामेथासोन व्हॅलरेट, जेंटामायसिन आणि मायकोनाझोल. वरच्या नावापुढे इंग्रजीत जीएम अक्षरं आहेत. गावात आम्ही "साधी खाजेची" म्हणून आणतो, चिठ्ठीबिठ्ठी कोणी विचारत नाही.

रत्नाकर_पंचवटी

बेटामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. पुन्हा तीच कथा.

ती लाल रेघ आणि आरएक्स म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही. त्याच लेबलवर चौकटीत शेड्युल एच असं लिहिलेलं दिसेल. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राने अधिसूचना काढून चौदा स्टेरॉइडांची लावायची औषधं या यादीत घातली. त्याआधी अंगावर लावायच्या औषधांना मोठी पळवाट होती. म्हणजे कायद्याने तुमच्या गावातल्या दुकानदाराने ती द्यायलाच नको होती. मी दुकानदारच होतो, म्हणून कळकळीने सांगतो: शेजारचा देतो मग आपण का नको, या एका वाक्यावर हा सगळा धंदा चालतो. मीही सुरुवातीची वर्षं दिली आहे. एका मुलाच्या मांड्या बघितल्यावर थांबलो.

नावापुढची अक्षरं. बी बहुतेकदा बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन सुचवते, एन निओमायसिन, जीएम जेंटामायसिन आणि मायकोनाझोल. एकच ठळक नाव, आणि मागचं एक अक्षर बदललं की आतलं औषध वेगळं. साधी बुरशीची ट्यूब मागितली आणि बी जोडलेली आली तर हातात स्टेरॉइड आलं. पण अक्षरांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, त्याला काही नियम नाही. घटकांची ओळच वाचा.

आणखी एक सापळा, अमोलरावांसाठी. फ्लुओसिनोलोन. मधे "सिनो" ऐकू येतं म्हणून अँटिबायोटिक वाटेल. शेवट "लोन" आहे, ते स्टेरॉइड. ट्रायमसिनोलोन तसंच. आणि नावाच्या मागे प्रोपिओनेट, डायप्रोपिओनेट, व्हॅलरेट, फ्युरोएट, अॅसिटोनाइड अशी शेपटी असेल तर आधी स्टेरॉइडचाच संशय घ्यायचा.

डॉ_त्वचा_नाशिक

गणपतराव, मजुरांचा टॉवेल, चादर, चड्ड्या एकत्र धुतल्या जातात का? एकाच खोलीत निम्म्यांना असेल तर एकाला बरं करून उपयोग नाही, महिन्याभरात दुसऱ्याकडून परत येतं. कपडे वेगळे, गरम पाण्यात, आणि उलटे करून कडक उन्हात. फवारणीचा सूट काढल्यावर अंग कोरडं करून मग कोरडे सुती कपडे. सगळ्यांना एकदम जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीत आणता आलं तर सर्वांत बरं. केसपेपर काढायला सकाळी लवकर या.

गणपतराव_निफाड

सोळा जणांचा एक दिवसाचा खाडा पडतो, मुकादम ऐकेल की नाही सांगता येत नाही. छाटणीनंतरचं काम ऐन भरात आहे. विचारतो.

अमोल_सातपूर

आमच्या फर्स्ट एड पेटीतल्या तीन ट्यूब काल तपासल्या. एक सिल्व्हर सल्फाडायझिन, भाजल्यावरची. एक फ्रामायसेटिन, ही अँटिबायोटिक, पण नावात कुठेही सिन नाही. तिसरी मात्र बेटामेथासोन आणि निओमायसिनची निघाली, आणि पोरं ती कापल्यावर लावतात. जखमेवर स्टेरॉइड चालतं का?

रत्नाकर_पंचवटी

नाही. जखम भरायला उशीर होतो आणि जंतू वाढायला मोकळं रान मिळतं. काढा ती पेटीतून. आणि निओमायसिनची बऱ्याच जणांना ॲलर्जी असते: लावल्यावर जखमेभोवती खाज आणि पुरळ वाढलं की लोकांना वाटतं जखम चिघळली, म्हणून आणखी थापतात.

सायली_इंदिरानगर

पाच आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

दादाला आम्ही दोघींनी ओढत त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. जाण्याआधी सहा दिवस सगळ्या ट्यूब बंद ठेवल्या. डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतकी खाज की रात्री बसून राहायचा. वहिनीने पहिली ट्यूब स्वतःच्या पर्समध्ये लपवून ठेवली होती. खवला खरवडून काचेवर घेतला, त्यावर थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून आम्हालाही दाखवलं. लांब काड्यांसारखे धागे. दादा बराच वेळ तिथेच वाकून बघत राहिला. त्याला वाटत होतं पाच ट्यूबांनी बुरशी कधीच मेली, आता फक्त "उष्णता" आहे.

इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्या आणि लावायला साधी लुलिकोनाझोल, तीच ती "पाण्यासारखी". दिवसातून एकदा, चट्ट्याच्या कडेपासून दोन बोटं बाहेरपर्यंत, आणि साफ दिसायला लागल्यावरही दोन आठवडे. डॉक्टरांनी विचारलं ॲसिडिटीची गोळी घेतो का. घेतो, रोज सकाळी, कोणाला सांगितलेलंही नाही. त्या गोळीने इट्राकोनाझोल नीट शोषलं जात नाही म्हणे, ती बंद करून ही जेवणासोबत घ्यायला सांगितली. वहिनीच्या कमरेलाही छोटा चट्टा निघाला, तिलाही क्रीम दिली.

आता मांड्यांवरचं जवळजवळ गेलंय, काळपट डाग आहेत. पट्टे आहेत तसेच. दादाने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, फिके होतील, जाणार नाहीत. तो गाडीत काही बोलला नाही.

आणखी एक. मागच्या आठवड्यात लुलिकोनाझोलची दुसरी ट्यूब संपली. एका मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली तर काउंटरवरच्या मुलाने दुसरंच खोकं दिलं, "सेम आहे ताई, कंपनी वेगळी". खोकं फिरवलं. पहिली ओळ लुलिकोनाझोल १ टक्का, बरोबर. दुसरी ओळ क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. मी तिथेच परत केलं आणि म्हटलं, एकच ओळ असलेली द्या. त्याने कपाटातून लगेच काढून दिली, होतीच त्याच्याकडे.

रत्नाकर_पंचवटी

ताई, हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. तो मुलगा मुद्दाम फसवत असेलच असं नाही, पहिली ओळ जुळली की पुष्कळ जण तिथेच थांबतात. चिठ्ठीवर जेवढ्या ओळी तेवढ्याच खोक्यावर. बिल घेतलंत का? त्यावर बॅच नंबर असतो. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर तो लागेल.

सायली_इंदिरानगर

परत केलेल्या खोक्याचं बिल झालंच नव्हतं काका. फोटोही काढला नाही, डोक्यातच आलं नाही.

वैशाली_नाशिकरोड

मी दाखवून आले. मला एकदम बंद नाही केलं, मोमेटासोनच्या जागी सौम्य काहीतरी दिलंय, दहा दिवस, मग एक दिवसाआड, मग बंद. त्यावर हायड्रोकॉर्टिसोन लिहिलंय. शेवट "सोन" वाचून मी आधी घाबरले, मग काकांचं मिरचीचं आठवलं. गाल अजून जळतात. वांग होते त्याहून गडद दिसायला लागलेत, ते परत फिके होतात का कोणाचे?

गणपतराव_निफाड

मुकादम तयार झाला, पण आठ जणांसाठीच. बाकीचे डबा उचलून दुसऱ्या बागेवर गेले. खिळ्यावरची ट्यूब त्यांनी सोबत नेली.